दुकान तेच, मालक तोच, वहीसुद्धा तीच

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या किराणा-मसाल्याच्या दुकानाच्या पाटीवर आडनावापुढे 'आणि बंधू' होतं. बंधू केव्हाच पुण्याला नोकरीला लागले, आणि आता मुलगा गल्ल्यावर बसतो. म्हणून दसऱ्यापासून 'आणि पुत्र' करायचं ठरलं. पाटीवाल्याने काम एका दुपारी उरकलं. गिऱ्हाइकांना द्यायच्या पत्रात मात्र आमचा अख्खा पितृपक्ष गेला.

पहिला मसुदा चिरंजीवांचा: 'आपल्या विश्वासाच्या बळावर आम्ही नव्या रूपात येत आहोत!' शेजारच्या काकूंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काहून जी, दुकान विकलं का? की भाव वाढून राहिले?"

मग मी पेन घेतला. पहिल्याच ओळीत जुनं नाव, नवं नाव आणि तारीख. लगेच नावबदलाचं कारण. ते आपण दिलं नाही तर महाल आपल्या मनानं देतो, आणि त्यात भावाभावांची कोर्टकचेरी असतेच. पुढे काय काय तेच राहणार ते: जागा, फोन, भिवापुरी मिरची आणि तिची देठं खुडणाऱ्या मावशी. मावशींना बायकोने घातलं. लोक पाटी पाहून येत नाहीत, तिखट पाहून येतात, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे.

खानावळवाल्यांना पक्कं बिल लागतं, त्यांच्यासाठी एक ओळ जीएसटीची. बंधू पाटीवरच होते. धंदा पहिल्यापासून एकट्या माझ्या पॅनवर. त्यामुळे नंबर तोच राहिला, नावबदलाचा अर्ज तेवढा १५ दिवसांत पोर्टलवर टाकायचा. खरीखुरी भागीदारी मोडून मी एकटा मालक झालो असतो, तर पॅन बदलला असता आणि नंबरही नवा घ्यावा लागला असता.

खरी डोकेदुखी क्यूआरची. पाटी बदलली तरी बँकेत नाव बदलेपर्यंत स्कॅन केल्यावर जुनंच नाव दिसतं, आणि माणूस फोन हातात धरून माझ्याकडे चोरासारखा बघतो. म्हणून पत्रात ठळक लिहिलं: 'काही दिवस मोबाइलवर जुनं नाव दिसेल, पैसे आमच्याकडेच येतात. पैसे भरायचा नंबर बदललेला नाही. नावबदलाचं सांगून कुणी नवा नंबर पाठवला तर त्यावर भरू नका, आधी दुकानात फोन करा.' पूर्ण पत्रात कामाची ओळ म्हणाल तर हीच.

शेवटी 'महिन्याचं खातं पूर्वीसारखंच चालेल' असं लिहून पत्र सामानाच्या पिशवीत टाकायला लागलो. आमचे एक जुने मास्तर उभ्या उभ्या पूर्ण वाचून गेले. दिवाळीपासूनची बाकी त्यांची.

"म्हणजे वही तीच राहून राहिली?"

"तीच, मास्तर."

त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली. "नव्या नावाला नवी वही घ्यायची नं बावा! शुभ असते."