इंग्लंडमधल्या किऑस्कवर अ‍ॅलर्जीचा फिल्टर लावताना

इंग्लंडमध्ये बर्गरच्या आणि तळलेल्या चिकनच्या दुकानांत आता काउंटरपुढे रांग लावण्याऐवजी उंच उभ्या स्क्रीनवर, म्हणजे किऑस्कवर, आपली ऑर्डर आपणच देण्याची पद्धत सर्रास झाली आहे. यांपैकी बऱ्याच किऑस्कवर अ‍ॅलर्जीचा फिल्टर असतो. आपल्याला चालत नसलेला घटक निवडला, की तो असलेले पदार्थ यादीतून नाहीसे होतात किंवा फिकट दिसू लागतात. माझ्या मुलीला दुधाची आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे हा फिल्टर आमच्या घरात चैनीची नव्हे तर रोजच्या गरजेची गोष्ट आहे. भारतातून सुट्टीला आलेले आजी-आजोबा किंवा मावशी-काका मुलांना घेऊन अशा दुकानांत जातात, तेव्हा स्क्रीनवर उरलेली यादी पाहून ते निर्धास्त होतात. माझे मत असे आहे की हा फिल्टर पर्याय कमी करण्यासाठी जरूर वापरावा, पण केवळ त्याच्या भरवशावर ऑर्डर पक्की करून पैसे भरू नयेत.

आधी त्याचा उपयोग कुठे आहे ते सांगते, कारण तो खरोखर मोठा आहे. 2017 साली लंडनमध्ये ओवेन केरी हा तरुण आपला अठरावा वाढदिवस साजरा करताना एका रेस्टॉरंटमध्ये ग्रिल्ड चिकन खाऊन मरण पावला. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी होती आणि ते चिकन ताकात मुरवलेले होते. मेनूवर ताकाचा उल्लेख नव्हता. भाजलेल्या चिकनच्या तुकड्याकडे पाहून त्यात दुधाचा अंश असेल असे कोणाच्याही मनात येणार नाही. पावात घातलेली दुधाची भुकटी, मुरवणातले ताक, सॉसमधली मोहरी अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी फिल्टर पकडू शकतो, कारण तो पदार्थाच्या नोंदवलेल्या घटकांवर चालतो. नोंद बरोबर असेल, तर या बाबतीत तो काउंटरवरच्या नवख्या मुलापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

हा फिल्टर ज्या यादीवर उभा आहे ती यादी कायद्यातून आली आहे. युरोपीय संघाचा अन्नविषयक माहितीचा नियम 13 डिसेंबर 2014 पासून लागू झाला आणि ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनने तो आपल्या कायद्यात कायम ठेवला. त्यानुसार पदार्थात 14 ठरावीक घटकांपैकी काही असेल, तर ते गिऱ्हाइकाला कळवणे रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे. किऑस्कवरची बटणे बहुधा याच 14 घटकांची असतात. त्यात `Peanuts` आणि `Nuts` अशी दोन स्वतंत्र बटणे असतात, आणि आपल्याकडच्या पाहुण्यांनी सर्वांत आधी लक्षात ठेवावी अशी हीच गोष्ट आहे. `Nuts` या बटणाखाली काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते वगैरे झाडावरची कवचफळे येतात. शेंगदाणा त्यात येत नाही. ज्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, त्याच्यासाठी `Nuts` दाबून पुढे गेल्यास फिल्टर शेंगदाण्याचा एकही पदार्थ अडवणार नाही, आणि तसे करताना तो नियमाप्रमाणेच वागलेला असेल. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यांनी `Lupin` या बटणाकडेही लक्ष द्यावे. ल्युपिन हे शेंगदाण्याच्याच कुळातले कडधान्य आहे, युरोपात त्याचे पीठ काही पावांत आणि बेकरीच्या पदार्थांत घालतात, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्याचाही त्रास होतो. आपल्या मुलाला ते टाळायला हवे का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. हरभरा, मसूर आणि नारळ हे घटक मात्र या 14 मध्ये नाहीत, त्यामुळे त्यांची अ‍ॅलर्जी असेल तर या फिल्टरचा काहीच उपयोग होत नाही.

आता एक ऑर्डर स्क्रीनवर टप्प्याटप्प्याने पाहू, कारण गफलत नेमकी कुठे होते ते त्यातून दिसते. समजा, दूध टाळायचे आहे. `Milk` निवडले, की चीज घातलेला चिकन बर्गर यादीतून जातो. मुलाला तोच हवा असतो, म्हणून मोठी माणसे फिल्टर काढतात, बर्गर उघडतात आणि घटक बदलण्याच्या पानावर जाऊन चीजपुढची खूण काढून टाकतात. चीज गेले म्हणजे दूध गेले, असा साधा हिशोब असतो. पण तो बर्गर चीजबरोबरच पावातल्या दुधाच्या भुकटीमुळे किंवा चिकनच्या मुरवणामुळेही अडवलेला असू शकतो, आणि बदलाच्या पानावर या दोन गोष्टी काढता येण्याजोग्या म्हणून दिसतच नाहीत. चीज काढल्यानंतर अ‍ॅलर्जीची माहिती नव्याने हिशोबात घेऊन दाखवणारे किऑस्क मी पाहिले आहेत, आणि मूळ पदार्थाचीच जुनी माहिती तशीच दाखवत राहणारेही पाहिले आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

याच्या उलटही घडते. फिल्टरमधून सुखरूप पार पडलेला साधा बर्गर आपण निवडतो आणि लगेच पुढचे पान येते: सोबत सॉस हवा का, मोठे पेय हवे का, थोडे जास्त पैसे देऊन मील करायचे का. मुख्य यादीवर लावलेला फिल्टर या पानांवर चालू असेलच असे नाही. आमच्या भागातल्या एका दुकानात `Milk` निवडलेले असतानाही या पानावर चीजचा सॉस आणि मिल्कशेक कोणत्याही खुणेविना, इतर पर्यायांच्या रांगेत मांडलेले असतात. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. `Milk` निवडावे, कोणताही चालणारा पदार्थ उघडावा आणि त्यात मुद्दाम चीजचा तुकडा वाढवून पाहावा. स्क्रीनने अडवले किंवा ठळक इशारा दिला, तर फिल्टर शेवटपर्यंत सोबत आहे. काही न बोलता तुकडा ऑर्डरमध्ये गेला, तर तो फक्त पहिल्या यादीपुरता आहे असे समजावे, ती ऑर्डर रद्द करावी आणि पुढचे सर्व काउंटरवर विचारून करावे.

नव्याने आलेल्या, थोड्या दिवसांसाठी ठेवलेल्या पदार्थांबाबत मी अधिकच सावध असते. पदार्थात दूध नाही अशी नोंद असणे आणि दुधाविषयी काहीच नोंद नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण फिल्टर नीट बनवलेला नसेल तर दोन्ही पदार्थ यादीत सारखेच टिकून राहतात. म्हणून पदार्थ उघडून त्याची अ‍ॅलर्जीची माहिती स्वतः वाचावी. सगळ्या घटकांचा तक्ता भरलेला दिसला तर ठीक. तिथे कोरी जागा असेल, तर त्या पदार्थाची माहिती अजून भरलेलीच नाही असे धरून चालावे.

इथपर्यंतचे दोष सॉफ्टवेअरचे आहेत आणि ते सुधारता येण्यासारखे आहेत. यापुढची मर्यादा स्वयंपाकघराची आहे. पदार्थाच्या कृतीत मुद्दाम घातलेला घटक आणि शेजारच्या पदार्थातून चुकून लागलेला अंश यांत फरक असतो, आणि फिल्टर साधारणपणे पहिल्याच गोष्टीचा विचार करतो. बटाट्याच्या फ्राइजमध्ये दूध नसते, म्हणून त्या यादीत राहतात. पण ज्या तेलात त्या तळल्या, त्याच तेलात दुधाचे आवरण असलेले चिकन किंवा चीजचे तुकडे तळले असतील, तर तो अंश तेलात उतरलेला असतो, आणि तळणीच्या उष्णतेने अ‍ॅलर्जी देणारी प्रथिने निरुपद्रवी होतात असे मानता येत नाही. काही किऑस्क तळाशी बारीक अक्षरांत `May contain` असे लिहून मोकळे होतात. फ्राइजसाठी वेगळी कढई आहे का, हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर शाखेगणिक बदलते.

मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. आपण किऑस्कवर `Milk` निवडतो, तेव्हा एक अत्यंत महत्त्वाची माहिती आपण त्या दुकानाला दिलेली असते. ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरापर्यंत जातच नाही. तिथे छापून येणाऱ्या चिठ्ठीवर पदार्थाचे नाव आणि फार तर `NO CHEESE` एवढेच शब्द असतात. गर्दीच्या वेळी काम करणाऱ्या माणसाला त्या दोन शब्दांतून या गिऱ्हाइकाला चीज आवडत नाही एवढाच बोध होतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याने चीज हाताळलेल्या हातमोज्यांनीच पाव उचलला, किंवा चुकून ठेवलेला तुकडा उचलून घेऊन बर्गर तसाच पुढे दिला, तरी चिठ्ठीचे पालन झालेले असते. त्याच चिठ्ठीवर दुधाची अ‍ॅलर्जी असल्याचे छापलेले असते, तर हात धुणे, हातमोजे बदलणे, स्वच्छ चिमटा घेणे आणि पदार्थ वेगळ्या जागी तयार करणे हे सगळे त्याला करता आले असते.

ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने मार्च 2025 मध्ये रेस्टॉरंटांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. अ‍ॅलर्जीची माहिती लेखी द्यावी आणि तिच्या जोडीला गिऱ्हाइकाशी बोलणेही व्हावे, असे त्यात म्हटले आहे. ही शिफारस आहे, सक्ती नाही. किऑस्कने यातला लेखी भाग चांगला उचलला आहे, पण बोलण्याची जागाच काढून टाकली आहे. म्हणून माझी मागणी अशी आहे की फिल्टरमध्ये एकही घटक निवडला गेला, तर ती निवड ऑर्डरला चिकटून चिठ्ठीवर ठळकपणे छापली जावी, आणि पैसे घेण्यापूर्वी स्क्रीनने कर्मचाऱ्याला बोलावण्याचे बटण समोर आणावे. किऑस्क ऑर्डरच्या पावतीवर चीज काढल्याची नोंद करू शकतो, त्या अर्थी तो अ‍ॅलर्जीची नोंदही करू शकतो. ती केल्याने ऑर्डरला दोन मिनिटे जास्त लागतील, आणि ही सगळी यंत्रणा वेग वाढवण्यासाठी आणलेली असल्यामुळे ती दोन मिनिटे द्यायला दुकाने नाखूश असतात, असे मला वाटते.

तोवर आमच्या घरची रीत अशी आहे. मुलगी किऑस्कवर फिल्टर लावते, उरलेल्या यादीतून एक पदार्थ ठरवते आणि त्याचा माहितीचा तक्ता उघडून वाचते. मग स्क्रीनवर पैसे न भरता आम्ही काउंटरवर जातो, तिला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आधी सांगतो आणि त्यानंतर पदार्थाचे नाव घेतो. समोरच्याला खात्री नसेल, तर व्यवस्थापकाला बोलावण्याची विनंती करतो. पदार्थ हातात आल्यावर त्यावरची चिठ्ठी तिथेच वाचतो, आणि चिठ्ठीवर अ‍ॅलर्जीचा उल्लेख नसेल, तर तो खाण्यापूर्वी पुन्हा विचारतो.