फुलीखाली शब्द असतो, भोवऱ्याखाली नसतो

«पालकांनो सावधान! कॉमिक्समधल्या @#$%&! ह्या खुणा म्हणजे पाश्चात्यांची गुप्त लिपी आहे. @ म्हणजे आईवरून शिवी, # म्हणजे बहिणीवरून, बाकीच्यांचेही अर्थ ठरलेले आहेत. मुले ही लिपी उलगडून शिव्या शिकतात. फुली वाचली तरी मेंदू पूर्ण शिवीच ऐकतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. हे सगळे इंटरनेटमुळे आले, आपल्या मराठीत असले काही नव्हते. आणि फुल्या टाकल्या की कायदासुद्धा काही करू शकत नाही! जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा.»

हा मजकूर माझ्याकडे मुलुंडहून, वहिनींकडून आला. सोबत त्यांची एक ओळ होती: «भाऊजी, तुमचा जन्म छापखान्यात गेला, तुम्हीच सांगा, मी ह्याची पुस्तके उचलून ठेवली ते बरोबर केले ना?» पुतण्या नऊ वर्षांचा आहे आणि त्याची सात-आठ कॉमिक्स त्या दिवसापासून कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. एरवी असले निरोप मी न वाचता पुसून टाकतो, पण तीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाला फुलीविषयी कोणी काहीही सांगावे आणि त्याने गप्प बसावे, हे जरा अवघड आहे.

गुप्त लिपीचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त हसू त्याच्यावरच आले आणि पुस्तके जप्त झाली तीही त्याच्यामुळेच. रविवारी मुलुंडला गेलो तेव्हा फळीवरचे एक पुस्तक काढून त्यातले एकच चित्र घरातल्या सगळ्यांपुढे धरले. चित्रात एक गृहस्थ खिळा ठोकताना हातोडी स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतात आणि त्यांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात एक भोवरा, एक चांदणी, एक कवटी आणि एक वीज काढलेली आहे. हे मोठ्याने वाचा, असे मी सांगितले. भावाने अर्धी शिवी उच्चारून उरलेली गिळली. आईने «मेला हातोडा» असे वाचले. पुतण्या म्हणाला, «त्याला खूप लागलंय.» वहिनी काहीच बोलल्या नाहीत. मग त्याच चार खुणा मी कागदावर उलट्या क्रमाने काढून दाखवल्या, तरी कोणाचेही उत्तर बदलले नाही. ज्या लिपीत अक्षरांचा क्रम उलटला तरी अर्थ तसाच राहतो आणि एकाच ओळीचे तीन माणसे तीन वेगळे शब्द वाचतात, तिला लिपी म्हणता येत नाही. तो अभिनय आहे. रंगभूमीवरचा नट पाठ फिरवून हात झटकतो तेव्हा तो काय पुटपुटला हे प्रेक्षक विचारत नाहीत, तसेच हे.

ह्या खुणांना नावे आहेत, हे मात्र खरे, आणि ही अफवा कदाचित तिथूनच निघाली असावी. «बीटल बेली» ही चित्रमालिका काढणारे अमेरिकन व्यंगचित्रकार मॉर्ट वॉकर यांनी १९६४ मध्ये, व्यवसायबंधूंची थट्टा करण्याच्या हेतूने, भोवऱ्याला, चांदणीला, ग्रहाला आणि नुसत्या गिचमिडीला वेगवेगळी नावे दिली. त्यातले गिचमिडीचे «ग्रॉलिक्स» हे नाव पुढे ह्या सगळ्याच खुणांना चिकटले. पण ती नावे आकारांची आहेत. भोवऱ्याला काय म्हणायचे ते वॉकर यांनी ठरवले, भोवऱ्याने कोणती शिवी समजायची ते त्यांनीही ठरवले नाही आणि दुसऱ्या कोणीही ठरवलेले नाही. राहता राहिले @#$%. ज्यांना ह्या क्रमाचे गूढ वाटते त्यांनी आपल्या संगणकाची शिफ्ट कळ दाबून धरावी आणि २, ३, ४, ५ हे आकडे ओळीने दाबावेत. नेहमीच्या इंग्रजी कळफलकावर नेमका हाच क्रम उमटतो. बोटाला जे सोपे पडले ते पडद्यावर आले, गुपित एवढेच आहे.

इथे अर्धे माप मला निरोप पाठवणाऱ्याच्या पदरात टाकावे लागते, आणि ते मी फार खुशीने टाकत नाही. अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर जी आचारसंहिता घालून घेतली, तिच्यात असभ्य शब्दांबरोबरच «अनिष्ट अर्थ चिकटलेली चिन्हे» सुद्धा वर्ज्य ठरवली होती. म्हणजे चिन्हालाही अर्थ चिकटू शकतो, ही शंका सत्तर वर्षांपूर्वीच्या प्रकाशकांनाही होती. ती शंका सरसकट खोटी नाही; फक्त ती भोवऱ्याला लागू होत नाही, फुलीला होते. वहिनींनी ह्या दोन गोष्टी एकच मानल्या आणि सगळा घोटाळा तिथे झाला.

भोवऱ्याखाली शब्द नसतोच. चित्रकाराच्या मनातही बहुधा तो नसतो. फुलीखाली मात्र लेखकाने लिहिलेला एक नेमका शब्द असतो, तो अर्धा झाकलेला असतो, आणि वाचकाने तो ओळखावा अशाच बेताने झाकलेला असतो. हे झाकणे कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. उदाहरणे मी मुद्दाम सौम्य घेतो, कारण खरी उदाहरणे दिली तर मलाच फुल्या घालाव्या लागतील. कथेत «चल रे, ह××ट» असे छापलेले आहे. वाचक पहिले अक्षर घेतो, शेवटचे घेतो, मधल्या फुल्या मोजतो, बोलणारा चिडलेला आहे आणि समोरचा पुरुष आहे हे ध्यानात ठेवतो, आणि «हलकट» वर येऊन थांबतो. ह्या सगळ्याला डोळ्याची उघडझाप होण्याइतकाही वेळ लागत नाही. «मू×» मध्ये तर एकच फुली आहे, पण म वरचा दीर्घ उकार उघडा राहिल्यामुळे तिथे मूळ, मूल आणि मूर्ख असे थोडेच शब्द बसतात, आणि भांडणात त्यातला कोणता निघतो ते सांगायला नको.

मराठीत आणखी एक गोष्ट झाकणाऱ्याला दगा देते, ती म्हणजे विभक्ती. फुल्या कितीही घातल्या तरी मागचे «तुझ्या» लेखक सहसा झाकत नाही. «तुझ्या» हे सामान्यरूप आल्याबरोबर पुढच्या नामाला बहुधा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलेले आहे हे मराठी कानाला कळते, आणि चिडलेल्या माणसाच्या तोंडी «तुझ्या» नंतर जे नाम येते ते नात्याचे असते. त्यामुळे «तुझ्या ××××» ह्यात एकही अक्षर उघडे नसताना आईचा उद्धार झाल्याचे सगळ्यांना समजते. पूर्ण झाकलेला शब्द शेजारच्या शब्दाने उघडा पाडला, असे हे प्रकरण आहे.

फुल्यांची संख्या हा धागाही वाटतो तितका भरवशाचा नाही. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जुळारी एका अक्षराला एक फुली बसवत असे आणि मात्रेचा, जोडाक्षराचा वेगळा हिशेब करत नसे. संगणकाला ही रीत कोणी शिकवली नाही. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीची मुद्रिते माझ्याकडे आली, त्यांत आधी कोणीतरी यंत्राकडून «नको ते शब्द» झाकून घेतले होते. एका सासूबाईंच्या तोंडी सुनेला उद्देशून पाच तारका होत्या: *****. पाच अक्षरांची, बाईमाणसाने सुनेला द्यावी अशी शिवी कोणती, ह्यावर आमच्या टेबलावर बराच वेळ चर्चा झाली आणि एकापेक्षा एक भयंकर सूचना आल्या. मूळ हस्तलिखित मागवले तेव्हा तिथे «मूर्ख» होते. डोळ्याला ती दोन अक्षरे दिसतात. यंत्राने मात्र म, दीर्घ उकार, र, हलन्त आणि ख असे पाच तुकडे मोजून प्रत्येकाला एक तारका दिली होती. मी तिथे «मूर्ख» असे सरळ छापायला लावले. फुल्यांमुळे शब्द सौम्य होतो, असे लेखिकेला वाटत होते. प्रत्यक्षात त्या फुल्यांनी एका साध्या रागावण्याला कोठीवरची भाषा बहाल केली होती.

ह्यातूनच मुलांच्या प्रश्नाचे उत्तर निघते. फुली उलगडण्यासाठी शब्द आधी ठाऊक असावा लागतो. ज्याच्या शब्दसंग्रहात «हलकट» नाही, त्याला «ह××ट» म्हणजे हरकत नसलेला हट्ट वाटला तरी चालते. पुतण्याला तो शब्द फुलीने शिकवला नाही, आणि त्याला तो येत असेल तर तो शाळेच्या बसमध्ये, फुल्यांविना, चालीसह मिळालेला आहे. फार तर फुली त्याला एवढेच सांगते की इथे काहीतरी लपवलेले आहे, आणि मग तो मोठ्या मुलांना विचारतो. हे होऊ शकते, हे मी मान्य करतो. पण त्याच्या कॉमिक्समध्ये फुल्या नाहीतच, भोवरे आहेत.

आता शास्त्रज्ञ. निरोपात त्यांचे नाव नाही, म्हणून मी देतो. ब्रिस्टल विद्यापीठातले जेफ्री बॉवर्स आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पीअर्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना शिव्या, त्याच शिव्यांची सोज्वळ रूपे (आपल्याकडे «भकार» म्हणतात त्या धाटणीची) आणि साधे शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मन हलले की घाम किंचित वाढतो आणि ही वाहकता वाढते. पूर्ण शिवी वाचताना ती सोज्वळ रूपापेक्षा जास्त वाढली, आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे हे वाचणाऱ्यांना पक्के ठाऊक असूनही वाढली. निष्कर्ष निरोपाच्या अगदी उलटा आहे: अर्थ पोहोचतो, पण दणका तितका बसत नाही. प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांवरचा आणि उच्चारलेल्या शब्दांवरचा आहे, छापलेल्या फुल्यांवरचा नाही, तेव्हा तो मी फार ताणणार नाही.

इंटरनेटचे म्हणाल तर रुडॉल्फ डर्क्स यांच्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत १९०२ मध्ये अशा खुणा आहेत, आणि शिवीच्या मधली अक्षरे काढून आडवी रेघ मारण्याची इंग्रजी छपाईतली रीत तर अठराव्या शतकातली आहे. मराठीत नव्हते म्हणणाऱ्याने एवढेच आठवावे की «त्याने मला फुल्या फुल्या म्हटले» हे वाक्य आपण तोंडाने बोलतो. छापलेली खूण बोलण्यात उतरायला ती किती वर्षे नजरेखाली असावी लागते, ह्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

शेवटचा, कायद्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यावर विसंबून आमच्याच सोसायटीच्या समूहावर एक सभासद दुसऱ्याला रोज तारकांकित भाषेत संबोधतात आणि वर «मी कुठे काय लिहिले?» असे विचारतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५२ शांतताभंग होईल अशा चिथावणीच्या हेतूने, किंवा तसे होईल हे ठाऊक असून, केलेल्या अपमानाविषयी आहे, आणि त्यात अपमान «कोणत्याही रीतीने» केलेला असे शब्द आहेत. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत प्रत्येकाला जो शब्द वाचता येतो, तो आपण लिहिलाच नव्हता असे सांगण्यासाठी दोन तारका पुरतील, असे त्या गृहस्थांनी तरी समजू नये.