पासबुक भरून घेऊ नका

चहा सोडा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते पाप माझ्या माथी नको. सांगायचं एवढंच, की मार्चअखेरीस बँकेत जाऊन पासबुक भरून घेण्याची दुर्बुद्धी होऊ देऊ नका. आमच्या भाऊसाहेबांना ती झाली.

भाऊसाहेब अव्वल कारकून. शिपायाच्या प्रवासभत्त्यात 26 रुपये जास्त दिसले, तर ‘पूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारून बिल तीनदा माघारी धाडणारे. स्वतःच्या चहावड्याचं सदर मात्र त्यांनी ‘किरकोळ’ ठेवलं होतं. तुम्हीही हेच सदर ठेवा. त्यात कितीही घातलं तरी ते भरत नाही, आणि त्याची बेरीज मारण्याची पद्धत नाही.

पण पासबुकाला हे कुठं कळतं? छपाई सुरू झाली ती थांबेचना. एक पासबुक संपलं, दुसरं घातलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, एवढ्या चाळीस-चाळीसच्या नोंदी कसल्या?”

घरी वहिनींनी तोच प्रश्न वेगळ्या सुरात विचारला. “ही बाई कोण?”

टपरीवर जो क्यूआर चिकटवलेला असतो, तो पुष्कळदा मालकाच्या घरच्या कुणाच्या तरी खात्याचा असतो. इथं तो मालकाच्या भावजयीचा होता. त्यामुळे पासबुकात ‘चहा’ हा शब्दच नव्हता. भाऊसाहेब एका परक्या बाईला वर्षभर इमानेइतबारे चाळीस रुपये धाडत होते, एवढंच दिसत होतं. खर्च लपवायला ही उत्तम सोय आहे. फक्त त्याच्या जागी जे उघडं पडतं, त्याची आधी तयारी ठेवा.

आता निर्दोषत्व सिद्ध करायचं म्हणजे हिशेब आला. भाऊसाहेबांनी लाल पेन आणि पट्टी घेतली. शनिवार-रविवार, सणवार, रजा वजा जाता ऑफिसचे दिवस भरले 231. दिवसाला कटिंग चार, दहा रुपयांचं एक. झाले 9,240. पासबुक मात्र 12,320 दाखवत होतं. फरक 3,080.

कारकून खर्च सोसेल, पण ताळमेळ न लागणं सोसणार नाही. रात्री साडेअकराला फरक सापडला. चौकडी चौघांची, फेऱ्या चार, प्रत्येकानं एक फेरी द्यायची. कागदावर ही पद्धत निर्दोष आहे. दिलं तेवढंच प्यायलं. पण आस्थापनेतल्या रावसाहेबांच्या फोनला टपरीपाशी कधीच नेटवर्क नसतं. म्हणजे चार फेऱ्यांचे 160 रुपये तिघांत. रावसाहेबांनी वर्षभरात 9,240 रुपयांचा चहा फुकट घेतला होता, आणि त्यातला एक तृतीयांश भाऊसाहेबांनी पाजला होता. ‘आज मी देतो’ म्हणणाऱ्यांच्या टोळीत तुम्ही असाल, तर असलं काही शोधू नका. मैत्री बेरजेला टिकते, भागाकाराला टिकत नाही.

मग खाणं. रोजचा वडापाव वीस रुपयांचा. गुरुवारी मात्र भाऊसाहेबांचा दत्ताचा उपास, म्हणून साबुदाणावडा, प्लेट चाळीसची. 185 दिवसांचे 3,700 आणि 46 गुरुवारांचे 1,840. उपास जेवणाच्या दुप्पट पडतो, हे वहिनींनी मोठ्यांदा वाचून दाखवलं.

एकूण 17,860. भाऊसाहेबांनी आकडा परत मांडला, उलटा तपासला, तोच आला. दिवाळीला त्यांनी साडेबारा हजारांचा सण अग्रिम उचलला होता आणि तो दहा हप्ते पगारातून कापला जात होता. म्हणजे कर्ज काढून सण केला आणि रोखीनं चहा प्यायला, तोही जवळजवळ तेवढ्याच रकमेचा. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चहा टाक जरा.”

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या त्याच मुलानं उपाय सांगितला, तो तुम्हीही करा. यूपीआय लाइट सुरू करायचं. त्यात एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत भरून ठेवता येतात आणि पासबुकात नोंद पडते ती फक्त भरण्याची. पुढचे चहा त्यातून परस्पर जातात, ओळ पडत नाही. भाऊसाहेबांच्या 539 नोंदींचं काम आता वर्षाला चार ओळींत भागणार होतं. खर्च इतका आटोक्यात आलेला पाहून त्यांना भरून आलं.

टपरीवर त्यांनी चौकडीला ही युक्ती समजावली. पिन लागत नाही, बँकेचा सर्व्हर रखडला तरी पैसे जातात, रावसाहेबांसाठी तर वरदानच.

रावसाहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं, खिसे चाचपले आणि म्हणाले, “नेमका आज फोन घरी राहिला हो.”