एकच काउंटर आणि वाया गेलेली आठ मिनिटे

ऑपरेशन्स रिसर्चच्या वर्गात रांग सिद्धांत शिकवताना पहिल्याच स्लाइडवर λ, μ आणि ρ ही अक्षरे येतात, दुसरीवर सूत्रे येतात, आणि विद्यार्थी ती पाठ करून परीक्षेत उत्तरही बरोबर काढतात. पण काउंटरचा वेग ग्राहकांच्या येण्यापेक्षा जास्त असेल, तर मुळात रांग लागतेच का, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. माझे स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सूत्रांच्या आधी यायला हवा, आणि त्यासाठी गजबजलेल्या बँक शाखेतला एकच काउंटर पुरेसा आहे.

समजा, त्या काउंटरवर सरासरी दर पाच मिनिटांनी एक ग्राहक येतो आणि प्रत्येकाचे काम बरोबर चार मिनिटांत होते. कागदावर पाहिले तर दर ग्राहकामागे एक मिनिट शिल्लक राहायला हवे. आता ग्राहक १०:००, १०:१२, १०:१३, १०:१४ आणि १०:२० वाजता आले असे धरा. मधली अंतरे बारा, एक, एक आणि सहा मिनिटांची, म्हणजे सरासरी पाचच. पहिल्याचे काम १०:०४ ला संपते आणि पुढची आठ मिनिटे कॅशिअर रिकामा बसतो. १०:१२ चा ग्राहक लगेच काउंटरवर जातो, १०:१३ च्याला तीन मिनिटे थांबावे लागते, १०:१४ च्याला सहा, आणि सावकाश १०:२० ला आलेल्यालाही चार. रिकामी गेलेली आठ मिनिटे साठवून ठेवता आली असती, तर यांपैकी कोणालाच थांबावे लागले नसते. पण काउंटरचा वेळ साठवता येत नाही, आणि रांगेचे मूळ इथेच आहे. हेच ग्राहक ठरल्यासारखे दर पाच मिनिटांनी आले असते, तर रांग लागलीच नसती.

एवढे फळ्यावर मांडले की सूत्र आपोआप बोलू लागते. ज्या प्रारूपाला M/M/1 म्हणतात, त्यात ग्राहक एकमेकांशी संबंध न ठेवता यदृच्छेने येतात, प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही घातांकी वितरणाने कमीजास्त होतो, आणि काउंटर एकच असतो. तासाला येणारे ग्राहक λ आणि तासाला उरकू शकणारी कामे μ धरली, तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा अशी निघते:

Wq = λ / (μ(μ − λ))

आपल्या काउंटरवर कामाला आता नेमकी नव्हे, तर सरासरी चार मिनिटे लागतात असे धरले, तर λ = १२ आणि μ = १५, म्हणून प्रतीक्षा ०.२६७ तास, म्हणजे सोळा मिनिटे. चार मिनिटांच्या कामासाठी सोळा मिनिटे थांबणे, आणि तेही कॅशिअर वीस टक्के वेळ रिकामा असताना! आता तासाला फक्त दोन ग्राहक वाढवा. λ = १४ होताच प्रतीक्षा छप्पन्न मिनिटांवर जाते. छेदात (μ − λ) आहे, तीनाचा एक झाला आणि प्रतीक्षा साडेतीन पट झाली. त्यामुळे कर्मचारी शंभर टक्के कामात असावा, असा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थापकाने आधी हा छेद पाहावा, असे मला मनापासून वाटते.

मात्र ही सोळा मिनिटे कोणत्याही शाखेला डोळे झाकून लावू नयेत. कामाच्या वेळांची नोंद ठेवून त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन तपासावे. दोन्ही जवळपास सारखे असतील, तर घातांकी वितरणाचे गृहीतक तग धरते. विचलन सरासरीपेक्षा बरेच कमी असेल, तर हे सूत्र प्रतीक्षा वाढवून सांगते. ग्राहक यदृच्छेनेच येत असले, पण प्रत्येकाचे काम नेमक्या चार मिनिटांत होत असेल, तर सोळाची आठ मिनिटे होतात.

आणखी एक मर्यादा स्लाइडवर क्वचितच येते, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे सूत्र स्थिरावस्थेचे आहे, म्हणजे काउंटर त्याच दराने दीर्घकाळ चालू राहिल्यावर येणारी सरासरी ते सांगते. रिकाम्या रांगेपासून त्या अवस्थेकडे जायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज 1/(√μ − √λ)² या राशीवरून येतो. λ = १२ असताना ती सुमारे सहा तास येते, तर λ = १४ असताना सुमारे अठ्ठावन्न तास. शाखा त्याच्या कितीतरी आधी बंद होते. म्हणजे छप्पन्न मिनिटांची ती सरासरी रोज सकाळी नव्याने उघडणाऱ्या काउंटरवर सहसा दिसणारच नाही. तिथे रांग फक्त दिवसभर वाढत जाताना दिसेल, आणि दुपारी आलेल्या ग्राहकाला सकाळच्या ग्राहकापेक्षा सरासरी जास्त थांबावे लागेल. गर्दी तासागणिक बदलत असेल, तर दिवसभराची एकच λ घेऊन केलेले गणित आणखी फसवे ठरते. अशा वेळी नोंदवलेल्या आगमनांवरून, वर पाच ग्राहकांचे केले तसे, एकेका ग्राहकाचे गणित मांडत संपूर्ण दिवस चालवून पाहणे जास्त विश्वासार्ह असते.