दीडपट फरक आणि तरीही ०.०२९३: एका प्रतिक्रियेला उत्तर

*“सर, शेवेच्या दहा पाकिटांच्या उदाहरणात तुम्ही द्विपद आणि प्वासाँ यांच्यातलं अंतर ०.०२९३, म्हणजे ‘फारच कमी’ म्हणालात. मी चार किंवा जास्त पाकिटं ढिली निघण्याची संभाव्यता काढली. द्विपदाने ०.०१२८, प्वासाँने ०.०१९०. जवळजवळ दीडपट! हे कसलं जवळ? आणि ते मध्येच अर्धं करणंही मनमानी वाटतं.”*

तुमचे आकडे बरोबर आहेत, मी पुन्हा काढून पाहिले. ‘फारच कमी’ कशाच्या मानाने, हे मी लिहायला हवं होतं. ते आता लिहितो. ०.०२९३ हे टोटल व्हेरिएशन अंतर आहे, म्हणजे द्विपद वितरणाच्या जागी प्वासाँ वितरण वापरलं तर किती चुकतं याचं माप: ढिल्या पाकिटांच्या प्रत्येक संख्येला दोघांनी दिलेल्या संभाव्यतांमधला फरक चिन्ह सोडून घ्यायचा, सगळे फरक मिळवायचे आणि बेरीज अर्धी करायची.

अर्ध्याचं आधी घेऊ, कारण दुसऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. खोक्यात दहा पाकिटं, प्रत्येकाचं सील ढिलं असण्याची संभाव्यता ०.१, म्हणून प्वासाँची सरासरी १. एकही पाकीट ढिलं नसणं: द्विपदाने ०.३४८७, प्वासाँने ०.३६७९. नेमकं एक ढिलं: ०.३८७४ आणि ०.३६७९. नेमकी दोन: ०.१९३७ आणि ०.१८३९. तीनपासून पुढे प्रत्येक ठिकाणी प्वासाँचंच पारडं जड. म्हणजे द्विपद वरचढ आहे ते फक्त दोन जागी, एकवर ०.०१९५ ने आणि दोनवर ०.००९८ ने. बेरीज ०.०२९३. दोन्ही वितरणांची एकूण बेरीज १ च असल्यामुळे इथे जितकं जास्त, तितकंच बाकीच्या जागी मिळून कमी. चिन्ह सोडून सगळे फरक मिळवले की तीच रक्कम दोनदा मोजली जाते, म्हणून अर्धं घ्यायचं.

त्यामुळे ०.०२९३ ला सरळ अर्थ आहे. ‘एक किंवा दोन ढिली’ या घटनेची संभाव्यता द्विपदाने ०.५८११ आणि प्वासाँने ०.५५१८ आहे. याहून मोठा फरक खोक्याबद्दलच्या कुठल्याही प्रश्नात पडूच शकत नाही, प्रश्न कितीही वाकडा विचारा. टोटल व्हेरिएशन अंतर देतं ती हमी एवढीच. तुमच्या प्रश्नातला फरक ०.००६२ आहे, म्हणजे हमीच्या आतच.

पण हमी वजाबाकीची आहे, भागाकाराची नाही. हजार खोक्यांत चार किंवा जास्त ढिली पाकिटं असलेले खोके द्विपदाने सरासरी तेरा, प्वासाँने एकोणीस. असे खोके दुकानदार फुकट बदलून देणार असेल, तर हा फरक त्याच्या खिशाला लागतो आणि टोटल व्हेरिएशन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अजून पुढे गेलात तर दहा पाकिटांच्या खोक्यात अकरा ढिली निघण्यालाही प्वासाँ शून्याहून मोठी संभाव्यता देतं! शेपटाशी गुणोत्तर वेगळंच तपासावं लागतं, इथे तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

हा फरक येतो कुठून? प्वासाँचा व्हेरियन्स सरासरीइतकाच, म्हणजे १. पाकिटांची संख्या `n` आणि एक पाकीट ढिलं असण्याची संभाव्यता `p` धरली, तर द्विपदाचा `np(1-p)`, म्हणजे ०.९. प्वासाँ जास्त पसरतं, म्हणून मधल्या जागी हलकं आणि दोन्ही टोकांना जड. तेव्हा सगळा भार `p` वर आहे. सरासरी १ च ठेवून शंभर पाकिटं आणि `p = 0.01` घ्या: अंतर ०.००२८ वर येतं आणि तुमच्या शेपटाचे आकडे ०.०१८४ आणि ०.०१९० होतात. उलट `p = 0.1` तसाच ठेवून पाकिटं वाढवत न्या, अंतर ०.०२५ च्या आसपास अडकून राहतं, कारण व्हेरियन्सचं ०.९ ला १ हे प्रमाण हलतच नाही. ‘`n` मोठा असला की प्वासाँ चालतं’ हे वाक्य क्लासमध्ये सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच आहे. बार्बर आणि हॉल या गणितज्ञांच्या १९८४ च्या निष्कर्षाप्रमाणे हे अंतर `(1-e^(-np))p` च्या वर जात नाही. आपल्यासाठी ही मर्यादा ०.०६३२ येते, खऱ्या अंतराच्या दुपटीहून थोडी जास्त. पण त्यात `n` चा हात किती आखडता आहे तो बघा.

एक गोष्ट मात्र दोन्ही वितरणांच्या बाहेरची आहे. इथे इंदूरला राजवाड्याजवळच्या एका दुकानात मी पाकिटं भरताना बघत उभा होतो. सील करायची पट्टी जरा थंड पडली की लागोपाठ तीन-चार पाकिटं दाबल्यावर फुस्स करतात, मग पट्टी तापते आणि पुढची पंधरा-वीस घट्ट. द्विपद प्रत्येक पाकीट स्वतंत्र धरतं, इथे ती एकमेकांना धरून बिघडतात. असं असेल तर चार किंवा जास्तची खरी संभाव्यता ०.०१९० च्याही वर जाऊ शकते आणि मग आपण दोघंही तिसऱ्या दशांशावर उगाच भांडतोय. तुमच्याकडे खोके असतील तर ढिली पाकिटं नुसती मोजू नका, ती भरली त्याच क्रमाने मांडून शेजारी-शेजारी येतात का ते पाहा आणि इथे कळवा.