लॉगिनच्या आधीची बारा मिनिटं कोणाच्या खात्यात?

आमच्या संभाजीनगरात हल्ली कॉल सेंटरला लागलेली पोरं लई झाली, बीड, जालना, परभणी कुठून कुठून येतात, सिडकोत टीव्ही सेंटरकडं रूम करून राहतात. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा शिफ्ट किती वाजता, तो म्हणेल दोन वाजता. मग विचारा सीटवर किती वाजता बसतोस. तो हसतो. पावणेदोनला.

मी स्वतः बरीच वर्षं फ्लोअरवर काढली, आधी कॉलवर आणि नंतर रोस्टर आणि एमआयएसला, त्यामुळं हा मधला वेळ कुठं गायब होतो ते मला आतून माहितीय. माझं मत सरळ आहे, ह्या वेळेचा पगार मिळायला पाहिजे. कंपनीनं मेहेरबानी म्हणून द्यावा असं नाही, ते काम आहे म्हणून.

आता त्या पंधरा मिनिटांत काय होतं ते बघा, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं बटन दाबलं की झालं. मोबाईल लॉकरला ठेवायचा, सीट शोधायची (सीट ठरलेली नसते, सकाळच्या शिफ्टवाला उठला की तुम्ही बसायचं), मशीन चालू करायचं. ते जुनं असतंय, वर अँटीव्हायरस, वर कंपनीची पॉलिसी लोड होणार. मग विंडोजचं लॉगिन, मग व्हीपीएन, त्याचा ओटीपी, मग क्लायंटची सिट्रिक्स विंडो, तिचा पासवर्ड वेगळा आणि दर थोड्या दिवसांनी बदलायचा, मग ग्राहकाची माहिती दाखवणारं सीआरएम, मग नॉलेज बेस, आणि सगळ्यात शेवटी कॉल जोडून देणारा डायलर. हेडसेटचा आवाज चेक केला की मग 'रेडी' दाबायचं. आणि कंपनीचं घड्याळ चालू होतं ते इथं, डायलरच्या लॉगिनला! त्याच्या आधीचं सगळं तुमचं खाजगी आयुष्य.

वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्या कामगाराचा पंच गेटवर नाहीतर शॉपच्या दारात होतो. त्याचं मशीन गरम व्हायला दहा मिनिटं लागली तर ती दहा मिनिटं त्याच्या आठ तासांतच धरली जातात, सुपरवायझर वैतागेल पण पगार कापणार नाही. कॉल सेंटरमध्ये पंचच मशीनच्या पोटात आहे, म्हणजे मशीन पूर्ण उठल्याशिवाय तुम्ही कामावर आलात हे सिद्धच होत नाही. सगळा घोळ एवढाच आहे. रानात रोजंदारीला गेलेल्या माणसाला कुणी म्हणतं का की फाळ जमिनीत घुसला तिथून तुझा रोज चालू, बैल सोडून आणले औत जुंपलं ते तुझं तू?

अपडेटचं तर त्याहून भारी आहे. रोज क्लायंटकडून मेल येतो, आजपासून रिफंडचा नियम बदलला, ह्या प्लॅनवर अमुक बोलायचं नाही, तमुक ठिकाणी सर्व्हर डाऊन आहे. हे वाचायचं कधी? दोन वाजता तर रेडी पाहिजे, अ‍ॅड्हिरन्स मोजतात, दोनशे सेकंद ऑक्समध्ये म्हणजे कॉल न घेता दिसलात तर टीएल म्हणजे टीम लीडर डोक्यावर. म्हणजे आधीच वाचायचं. आणि नाही वाचलं, कॉलवर जुना नियम सांगितला, तर क्वालिटीवाला 'फेटल' मारतो, अख्ख्या कॉलचे मार्क शून्य, महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. माझ्या लेखी ह्याच्यापुढं वादच उरत नाही. जी गोष्ट केली नाही म्हणून तुम्ही माणसाला शिक्षा करता ती गोष्ट काम नाही असं कसं म्हणता राव?

ही भांडणं अमेरिकेत कोर्टात जाऊन झालीत, आणि ती वाचण्यासारखी आहेत कारण आपल्याकडचे बरेच प्रोसेस, म्हणजे क्लायंटची कामं, तिकडचेच. तिथल्या कामगार खात्यानं 2008 सालीच कॉल सेंटरसाठी एक माहितीपत्रक काढलं होतं, त्यात कामाच्या सूचना, ॲप्लिकेशन आणि कामाचे ईमेल डाउनलोड करायला संगणक चालू करणं हे दिवसातलं पहिलं काम धरलंय. तरी कंपन्या ऐकत नव्हत्या. 2021 ला नेलनेट नावाच्या शैक्षणिक कर्जवाल्या कंपनीच्या कॉल सेंटरची केस फेडरल अपील कोर्टात गेली, तिथं तर फक्त सरासरी दोनेक मिनिटांचा प्रश्न होता, कंपनी म्हणाली इतकं किरकोळ काय मोजायचं. कोर्ट म्हणालं मोजायचं, कारण रोज होतं आणि मोजता येतं. पुढच्या वर्षी लास वेगासच्या कस्टमर कनेक्स कॉल सेंटरची केस आली. खालच्या कोर्टानं सांगितलं होतं की ह्यांचं काम कॉल घेणं आहे, कॉम्प्युटर चालू करणं नाही. वरच्या कोर्टानं ते उलटवलं. ग्राहकाचा फोन घ्यायचा, त्याची माहिती बघायची, हे सगळं कॉम्प्युटरशिवाय होतच नसेल तर कॉम्प्युटर चालू करणं त्या कामाचाच भाग आहे, असं साधं लॉजिक.

पण तिथलं सगळंच कामगारांच्या बाजूनं आहे असं समजू नका. 2014 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ॲमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांचं ऐकलं नाही. शिफ्ट संपल्यावर चोरी तपासायला रांगेत उभं करायचे, कामगार म्हणत होते पंचवीस मिनिटं जातात. कोर्ट म्हणालं ती तपासणी काढून टाकली तरी माल उचलणं पॅक करणं होऊ शकतं, म्हणून त्याचा पगार नाही. मला तो निकाल पटत नाही (मालकानं थांबवलं म्हणून थांबलाय ना तो), पण त्यातली कसोटी आपल्या कामाची आहे. ती गोष्ट काढून टाका आणि बघा काम होतं का. डायलर उघडल्याशिवाय एक कॉल घेऊन दाखवा.

आता आपल्याकडं. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा 2017 चा, त्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि त्याच्यावर काम झालं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम. रोजच्या तासांची मर्यादा मूळ कायद्यात 9 होती, 2025 मध्ये ती 10 करायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. कायद्यात 'संगणक चालू होण्याचा वेळ' असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळं एचआर लगेच म्हणतो दाखवा कुठं लिहिलंय. अहो पण तास तर लिहिलेत ना. आणि आठवड्याच्या त्या 48 मध्येच खरी गोम आहे, ती आकड्यात बघा.

समजा एका पोरीचा पगार 15,600 आहे. सहा दिवसांचा आठवडा, महिन्याला 26 दिवस, जेवण सोडून रोज 8 तास, म्हणजे महिन्याचे 208 तास आणि तासाला बरोबर 75 रुपये. ती रोज लॉगिनच्या आधी 12 मिनिटं खर्च करते, बूट, पासवर्ड आणि अपडेट मिळून. 26 दिवसांचे झाले 312 मिनिटं, 5 तास 12 मिनिटं. साध्या दरानं 390 रुपये. पण थांबा, तिचे सहा दिवस गुणिले आठ म्हणजे 48 तास आधीच भरलेत! मर्यादा काठोकाठ. मग आठवड्याची ही वरची 72 मिनिटं सगळी 48 च्या पलीकडची, म्हणजे दुप्पट दर, महिन्याला 780 रुपये. पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्यांना हे लागू होईलच असं नाही, त्यांचे 48 भरत नाहीत, त्यांचा हिशोब साध्या दराचा. पण सहा दिवसवाल्यांना 780 म्हणजे गावाकडं जायचं यायचं भाडं निघतंय. आणि 120 सीटच्या फ्लोअरला हेच महिन्याला 93,600 होतात, तेव्हा किरकोळ कुणासाठी ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरी बाजू पण आहे, ती नाकारत नाही. शेअर ऑटो लवकर मिळाला म्हणून एखादा दीडलाच येऊन कॅन्टीनला चहा पीत बसला तर ती वेळ कंपनीची नाही. घरून येण्याचा वेळ नाही. आणि दारावरच्या बायोमेट्रिकची वेळ दाखवून कुणी म्हणालं हे बघा मी 1:35 ला आलो, तर ते कच्चं, कारण त्यात चहा पण आहे आणि गप्पा पण. सीटवर बसल्यापासूनचा वेळ वेगळा काढता आला पाहिजे.

आणि तो निघतो. एचआर म्हणतो रेकॉर्ड नाही, हे खोटं आहे. विंडोज स्वतःच नोंद ठेवतं, इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये `Winlogon` ची `7001` नंबरची नोंद म्हणजे युजरनं लॉगिन केलं ती वेळ. मशीन पूर्ण बंद होतं आणि उठलं तर त्याच्या आधी `6005` पण दिसते. ती आणि डायलरचा लॉगिन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा, मधला फरक म्हणजे तुमचा बुडालेला वेळ. दोन अडचणी आहेत. आधीच्या शिफ्टवाल्यानं मशीन चालूच ठेवलं असेल तर बूटचा वेळ दिसणार नाही, फक्त लॉगिनपासूनचा दिसेल. आणि थिन क्लायंट असेल तर नोंद तुमच्या टेबलावर नाही, सर्व्हरवर असते, ती आयटीकडूनच घ्यावी लागते. कंपनीच्या मशीनमध्ये स्वतः खुडबूड करू नका, स्क्रीनचे फोटो तर अजिबात नको, क्लायंटचा डेटा दिसला तर उलटं तुमच्यावरच शेकेल. लॉकरला वही ठेवा, सीटवर कधी बसलो आणि रेडी कधी झालो एवढंच रोज लिहा, आणि पासवर्ड अडकला, व्हीपीएन लागला नाही तर त्याच वेळी आयटीला तिकीट टाका, तिकिटावर वेळ आपोआप पडते. कामगार कार्यालयात जायची वेळ आलीच तर हे कागद बोलतात.

आमच्या ओळखीची एक पोरगी, अंबाजोगाईची, तिनं टीएलला विचारलं होतं की सर हे पावणेदोनचं कुठं लिहिलंय. उत्तर आलं, "लिहिलेलं काही नाही ताई, सगळेच येतात." पण हेच 'सगळेच येतात'वालं एखाद दिवशी दोन वाजता आलं तर लेट मार्क!

मला जास्त राग कशाचा येतो सांगू का, हा वेळ फुकट असल्यामुळं कंपनीला मशीन सुधारायचं कारणच राहत नाही. पाच पासवर्डच्या ठिकाणी एक करता येतो, रॅम वाढवता येते, शिफ्टच्या आधी मशीन आपोआप चालू ठेवता येतात, आयटीवाल्यांना हे सगळं माहितीय. पण बारा मिनिटं पोरांच्या खिशातून जातायत तर खर्च कोण करणार. ज्या दिवशी ती पेरोलवर येतील त्या दिवशी बघा बाराची चार कशी होतात.

करायचं काय तर अवघड काही नाही. एकतर पगाराचं घड्याळ विंडोज लॉगिनला जोडा, नाहीतर डायलरच्या वेळेत रोज ठरलेली मिनिटं मिळवा, जितकी खरंच लागतात तितकी. रोस्टरवाले म्हणतील मग दोनला कॉल कोण उचलणार, तर अर्ध्या बॅचची शिफ्ट 1:45 ला लावा आणि 10:45 ला सोडा, बाकीची अर्धी 2 ते 11. मी स्वतः रोस्टर बनवलेत, एक्सेलमध्ये दोन कॉलम वाढतात, बास.

तुमच्याकडं कसं धरतात ते कमेंटमध्ये सांगा, कंपनीचं नाव नका लिहू, फक्त पंच कुठं होतो आणि सीटवर किती वाजता बसवतात तेवढं लिहा.