नासलेलं दूध सरळ ओतून द्यायचं का?

"दूध नासलं की ते विषारी होतं, उकळून पनीर केलं तरी खाऊ नका, सरळ ओतून द्या."

अर्धंच खरंय हे. फ्रिजमधलं दूध तापवताना फाटलं आणि वास नुसता आंबट असेल तर जिवाणूंनी दुधातल्या साखरेचं ॲसिड केलंय एवढंच, लिंबू पिळून आपण तेच तर करतो. पण कडवट चव, कुजका वास, तार सुटणं किंवा गुलाबी-हिरवट रंग दिसला तर टाकायचंच. आणि बाहेर गरमीत तासन्‌तास राहिलेलंही नको, कारण उकळल्याने जिवाणू मरतात पण काहींनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं, ते वासावरून कळतही नाही.

पनीर करताना बघायचं ते पाणी. फाटल्यावर ते दुधाळच असेल तर लिटरला अर्धा चमचा लिंबाचा रस घालून हळूच हलवा, हिरवट नितळ झालं की लगेच गॅस बंद, अजून उकळत ठेवलं की पनीर रबरासारखं होतं. फडक्यात गाळून गार पाण्याने धुवा म्हणजे आंबटपणा जातो. तरी वड्या थोड्या भुसभुशीतच पडतात, म्हणून मी भुर्जीच करते. केकमध्ये वापरायचं तर कपभर आंबट दुधाला पाव ते अर्धा चमचा खायचा सोडा, आणि दर पाव चमचा सोड्यामागे एक चमचा बेकिंग पावडर कमी करा.